कानामागची पट्टी आणि हातावरचं औषध

बोट लागू नये म्हणून कानामागे चिकटवायची स्कोपोलामाइनची पट्टी प्रवासाच्या किमान ४ तास आधी, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावतात. ती ७२ तास चालते. झोप येणं, तोंडाला कोरड पडणं, धूसर दिसणं हे तिचे नेहमीचे त्रास. म्हणून गाडी चालवू नये, दारू टाळावी.

पट्टी लावून त्याच बोटाने डोळा चोळला, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जवळचं वाचता येत नाही. म्हणून पट्टी लावल्या-काढल्यावर हात साबणाने धुवा. पट्टी कापू नका. वापरलेली चिकट बाजू आत दुमडून मुलांपासून दूर टाका. डोळा दुखून लाल झाला, तर पट्टी काढून तातडीने डॉक्टर गाठा. काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावूच नये.