समुपदेशनातील सूक्ष्म कौशल्ये : मुलाशी बोलताना नेमकं काय करायचं?



डी.एड.ला असताना घेतलेले सूक्ष्मपाठ तुम्हाला आठवत असतील. एका पाठात फक्त प्रश्न विचारणे, दुसऱ्यात फक्त फलकलेखन, असं एकेक कौशल्य सुटं करून पाच-सहा मिनिटांत सराव करायचा. ही पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात तयार झाली. त्याच दशकात कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत ॲलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच कल्पना समुपदेशन शिकवण्यासाठी वापरली. समुपदेशकाचं बोलणं त्यांनी लहान लहान कौशल्यांत वेगळं केलं. त्यांपैकी मुक्त प्रश्न, प्रतिबिंबन आणि सारांश ही तीन आपण एका उदाहरणातून बघू.

समजा, चौथीतला ओंकार आठ दिवसांपासून मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकवून बसतो. गृहपाठ करत नाही. तुम्ही त्याला बाजूला घेता आणि संवाद असा होतो :

"अभ्यास का करत नाहीस? घरी कोणी रागावलं का? मोबाईल बघत बसतोस ना रात्री?"
"नाही बाई."
"मग बरं नाही का? नीट झोपत जा. उद्या गृहपाठ करून आण हं."
"हो बाई."

यात बाई काळजीनेच बोलल्या, पण ओंकारच्या तोंडून चार शब्द आले आणि त्यांतून काहीच कळलं नाही. बाईंनी एका दमात तीन प्रश्न विचारले, त्यामुळे मुलाने सगळ्यांना मिळून एकच "नाही" दिलं. तिसऱ्या प्रश्नात तर उत्तर आधीच भरलेलं होतं. आणि समस्या कळायच्या आत सल्लाही देऊन झाला.

१. मुक्त प्रश्न

ज्याचं उत्तर "हो", "नाही" किंवा एका शब्दात संपत नाही तो मुक्त प्रश्न. तो बहुधा "काय", "कसं" किंवा "सांग ना" या शब्दांनी तयार होतो. "का" हा शब्द मात्र जपून वापरा. व्याकरणाच्या दृष्टीने "का केलं नाहीस?" हाही मुक्त प्रश्नच आहे, पण मुलाच्या कानाला तो जाब विचारल्यासारखा लागतो. मग मूल कारण शोधू लागतं, सबब सांगतं किंवा गप्प बसतं.

प्रश्नाआधी, तुम्हाला जे दिसलं ते साध्या शब्दांत सांगा :

"ओंकार, मधल्या सुट्टीनंतर तू डोकं टेकवून बसतोस, हे मी आठ दिवस बघतेय. सध्या तुझं कसं चाललंय, सांग ना मला."

आता थांबा. नवशिका माणूस इथेच घाबरतो. दोन सेकंद शांतता झाली की तो दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिला वाया जातो. मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजा.

मूल "माहीत नाही" म्हणालं, तर प्रश्न त्याला फार मोठा पडला असं समजा. तो लहान करा : "काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?" आणि बंदिस्त प्रश्न वाईटच असतात असंही नाही. "आज जेवलास का?" ही माहिती हवी असेल तर सरळ तसंच विचारायचं. फक्त बोलण्याची सुरुवात त्याने करू नका.

२. प्रतिबिंबन

मुलाने जे सांगितलं, त्यातला अर्थ आणि भावना थोडक्यात त्याच्यासमोर परत मांडणं म्हणजे प्रतिबिंबन. नवशिक्यांच्या सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

ओंकार म्हणाला, "मी आत्याकडे राहतोय. आई दवाखान्यात आहे. बाळ झालंय. आत्याच्या घरी रात्री खूप वेळ टीव्ही चालू असतो."

यावर चार उत्तरं बघा :

"म्हणजे आत्याच्या घरी टीव्ही चालू असतो." ही पोपटपंची झाली. मुलाचेच शब्द परत आले, अर्थ आला नाही.

"अरे वा, बाळ झालं! मग तर मज्जा आहे तुझी." इथे आपली भावना मुलावर लादली गेली.

"काही होत नाही रे, येईल आई लवकर." हा धीर वाटतो, पण मुलाला ऐकू येतं ते असं : हा विषय आता पुरे.

"आई जवळ नाही, घरही वेगळं. रात्री झोप येत नाही आणि आईची आठवण येत असेल." हे प्रतिबिंबन झालं. मुलाने न उच्चारलेली भावना त्यात आहे, पण ती त्याच्या बोलण्यातूनच आलेली आहे.

हे वाक्य प्रश्नासारखा आवाज चढवून म्हणू नका, सावकाश खाली आणा. बरोबर पडलं की नाही, हे मूलच दाखवतं. ते "हो, आणि…" म्हणून पुढे बोलू लागलं, तर नेमकं लागलं. "नाही, तसं नाही" म्हणालं तरी बिघडत नाही, कारण आता ते स्वतःच दुरुस्त करून सांगेल. नुसतं "हं" करून खाली बघितलं, तर तुमचा शब्द बहुधा जड झाला. "तू फार दुःखी आहेस" म्हणण्यापेक्षा "करमत नाही" हा शब्द चौथीतल्या मुलाला जवळचा वाटतो.

ओंकार पुढे म्हणाला, "हो. आणि आत्या म्हणते, आता आईला बाळाकडेच बघावं लागेल." खरा काटा इथे होता. पहिल्या संवादात तो कधीच बाहेर आला नसता.

३. सारांश

बोलणं संपवताना किंवा विषय बदलताना, आतापर्यंतचे धागे दोन-तीन वाक्यांत एकत्र करायचे आणि ते मुलाकडून तपासून घ्यायचे :

"म्हणजे आई दवाखान्यात असल्यामुळे तू आत्याकडे आहेस. रात्री झोप होत नाही, म्हणून दुपारी डोकं टेकवतोस. आणि आता आई आपल्याकडे बघेल की नाही, ही काळजी वाटते. काही राहिलं का? काही चुकलं का?"

शेवटचे दोन प्रश्न विसरू नका. ते नसतील तर सारांशाचा निकाल होतो. "थोडक्यात काय, तुला बाळाचा हेवा वाटतो, तू आता मोठा झालास, समजून घे" हे त्याचंच उदाहरण. मुलाने हेव्याचं नावही काढलं नव्हतं. सारांशात नवीन काही घालायचं नाही. सल्ला द्यायचाच असेल तर तो सारांश मान्य झाल्यावर, आणि तोही "यात आपण काय करू शकतो?" असं विचारून. ओंकारच्या बाबतीत आत्याशी झोपेबद्दल बोलणं आणि आईशी रोज फोनवर बोलणं, एवढ्यानेही फरक पडू शकतो.

एक मर्यादा

या कौशल्यांनी आपण डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ होत नाही. बोलता बोलता मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर पुढे खोदून विचारू नका आणि "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. म्हणून सुरुवातीलाच मुलाला सांगा, "तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच मी दुसऱ्या कोणाला सांगेन."

सराव कसा करायचा?

सूक्ष्मपाठासारखाच. तीन शिक्षक बसा. एकाने स्वतःची एखादी साधी अडचण सांगायची, दुसऱ्याने पाच मिनिटं ऐकायचं, तिसऱ्याने वहीत नोंद करायची. पहिल्या दिवशी फक्त मुक्त प्रश्न. दुसऱ्या दिवशी प्रश्न पूर्ण बंद, फक्त प्रतिबिंबन. तिसऱ्या दिवशी शेवटी सारांश. नोंद करणाऱ्याने तीनच गोष्टी मोजायच्या : किती "का" आले, किती वेळा सल्ला दिला गेला आणि कोण जास्त बोललं. ऐकणाराच जास्त बोलला असेल, तर तोच पाठ पुन्हा घ्या.