गिऱ्हाईक नेमकं काय नेतं?

मार्केटिंगच्या असाइनमेंटसाठी लहान व्यवसायाचं स्वॉट विश्लेषण सांगितलं, की बहुतेकांच्या कागदावर तेच मुद्दे उतरतात: चांगली चव, मोक्याची जागा, जाहिरातीचा अभाव, वाढती स्पर्धा. त्यातून त्या दुकानाबद्दल काहीच कळत नाही. शेजारच्या दुकानाचं नाव घातलं तरी जो मुद्दा तसाच खरा ठरतो, तो खोडावा.

समजा, पुण्याच्या सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या वस्तीतलं एक पोळी-भाजी केंद्र निवडलं. ‘तुमची ताकद कोणती?’ असं विचारल्यावर मालकीणबाई ‘चव’ म्हणणारच. त्यापेक्षा त्यांच्या परवानगीने दोन वेगवेगळ्या वारी दुपारी बारा ते दोन काउंटरजवळ थांबावं आणि कोण काय नेतं ते टिपावं. समजा, एका दुपारी 40 गिऱ्हाइकांपैकी 26 जणांनी नुसत्या पोळ्या नेल्या, आणि आणखी 9 जण पोळ्या संपल्या म्हणून रिकाम्या हाताने परत गेले. आता बलस्थान स्पष्ट झालं: लोक इथे भाजीपेक्षा हाताच्या पोळीसाठी येतात. उणीवही दिसली: लाटणाऱ्या बायका दोनच, त्यामुळे दीडनंतर पोळ्या पुरत नाहीत.

सर्वाधिक गोंधळ होतो तो संधीच्या चौकटीत. ‘घरपोच सेवा सुरू करणे’ ही संधी नव्हे, तो मालकाने घ्यायचा निर्णय आहे. संधी आणि धोके दुकानाबाहेर असतात. हे केंद्र उद्या बंद पडलं तरी ते उरतील का, एवढं विचारावं. आसपास नोकरी करणारी, घरी पोळ्या न करणारी जोडपी असतील, तर ती संधी. दिवाळीत विद्यार्थी गावी जाऊन विक्री घटत असेल, तर तो धोका. मात्र ती किती घटते, हे वहीतल्या हिशेबावरून तपासावं.

चौकटी भरल्या की त्या एकमेकींशी जोडायच्या. हाइन्झ वाइरिक यांनी 1982 मध्ये ‘टॉज’ या नावाने हीच रीत मांडली. पोळीची मागणी आणि घरोघरची गरज जोडली, की महिनेवारी पोळ्या देण्याची कल्पना सुचते. दिवाळीतली घटही त्याने थोडी भरून निघेल. पण उणीव आडवी येते. आजच पोळ्या पुरत नाहीत, तर घरोघरी कुठून देणार? म्हणून शिफारशीचा क्रम ठरतो: आधी दुपारपुरती तिसरी लाटणारी बाई नेमावी आणि घरांच्या ऑर्डरी आदल्या संध्याकाळी घ्याव्यात, म्हणजे कणीक किती मळायची ते कळेल. तिचा पगार वाढीव पोळ्यांच्या नफ्यातून सुटतो का, तेही मांडावं.

दोन दुपारींची मोजणी म्हणजे वर्षाचा अंदाज नव्हे, ही मर्यादा अहवालात लिहावी. महिन्याभराने पुन्हा त्याच वेळी मोजावं. परत जाणारे 9 जण कमी झाले नसतील, तर अडचण लाटणाऱ्या हातांची नव्हती, आणि उणिवांची चौकट नव्याने तपासायला हवी.