विश्रांतीचा रकाना

माझी भाची बी.पी.एड. करते. परीक्षेआधी तिला क्रीडाशास्त्राच्या एका प्रकरणाचा एका पानावर मावेल असा तुलनात्मक तक्ता करायचा होता. ऊर्जाप्रणाली आणि प्रशिक्षणाची तत्त्वं असं ते जाडजूड प्रकरण. तिने पहिला कच्चा तक्ता दाखवला तेव्हा तिचा धाकटा भाऊ शेजारीच बूट सोडत बसला होता. तो पोलीस भरतीची तयारी करतो. तक्त्यावर नजर टाकून तो म्हणाला, "ताई, यात माझं काय आहे?"

प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. पुरुष उमेदवारांच्या मैदानी चाचणीत तीन गोष्टी असतात: 1600 मीटर धावणं 20 गुणांना, 100 मीटर 15 गुणांना आणि गोळाफेक 15 गुणांना. शरीराच्या ऊर्जा पुरवण्याच्या तीन पद्धती आणि भरतीच्या तीन चाचण्या. पोराच्या आयुष्याशी जुळणारं उदाहरण आयतंच समोर असताना भाचीच्या तक्त्यात मॅरेथॉन आणि भारोत्तोलन होतं. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले, त्यामुळे हात शिवशिवले. तक्ता आम्ही तिघांनी पुन्हा मांडायला घेतला.

मूळ गोष्ट थोडक्यात अशी. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या जोरावर. हा रेणू स्नायूत साठवलेला असतो, पण जोरात पळताना दोन-तीन सेकंदांत संपेल इतकाच. त्यामुळे तो सतत नव्याने तयार करावा लागतो. सगळ्यांत झटपट मार्ग म्हणजे स्नायूतलंच क्रिएटिन फॉस्फेट. त्याचा भर पहिल्या आठ-दहा सेकंदांत असतो. दुसरा मार्ग म्हणजे ऑक्सिजनची वाट न पाहता साखर फोडणं, ज्याला ग्लायकोलिसिस म्हणतात. तिसरा मार्ग ऑक्सिजनचा. तो संथ आहे, पण एका ग्लुकोजमधून तीसेक एटीपी काढतो. ग्लायकोलिसिसला त्याच ग्लुकोजमधून निव्वळ दोनच मिळतात.

आता तक्त्याची पहिली खोड. रकान्यांत 'दहा सेकंदांपर्यंत', 'दहा सेकंद ते दोन मिनिटं', 'त्यापुढे' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, एक प्रणाली बंद होते आणि दुसरी सुरू होते, गाडीचे गिअर बदलावेत तशी. तसं होत नाही. तिन्ही पहिल्या पावलापासून चालू असतात, बदलतो तो वाटा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2001 साली चांगल्या तयारीच्या धावपटूंवर हे मोजलं. 200 मीटरमध्ये ऑक्सिजन प्रणालीचा वाटा 29 टक्के निघाला, 400 मध्ये 43, 800 मध्ये 66 आणि 1500 मध्ये 84. म्हणजे आमच्या भाचेबुवांची 1600 मीटरची धाव ही बहुतांशी ऑक्सिजनची धाव आहे. ते मात्र ती 'दमाची आणि जिद्दीची' म्हणून रोज दात-ओठ खाऊन पळत होते.

म्हणून आम्ही 'कालावधी'च्या रकान्यात 'सर्वाधिक भर कधी' असं लिहिलं. बदल दोन-तीन शब्दांचा, पण त्याने अर्थ बदलतो.

खरी गंमत पुढच्या रकान्यात होती. भाचीच्या पुस्तकातल्या तक्त्यात इंधन होतं, वेग होता, एटीपीची संख्या होती. पण रिकामं झालेलं परत भरायला किती वेळ लागतो, ते नव्हतं. ती माहिती प्रकरणात दहा पानं पुढे, विश्रांतीच्या परिच्छेदात जाऊन बसली होती. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. ऊर्जाप्रणालींचा अर्धा भाग आणि प्रशिक्षणतत्त्वांचा अर्धा भाग या एका रकान्याने जोडले जातात.

क्रिएटिन फॉस्फेटचा साठा गच्चीवरच्या टाकीसारखा समजा. नळ पूर्ण सोडला की टाकी भराभर उतरते. साधारण अर्ध्या मिनिटात ती निम्मी भरते, पण पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आणि भरणारा पंप कोणता? ऑक्सिजनचा. मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा रोखला आणि स्नायूतला बारीकसा तुकडा सुईने काढून तपासला, तेव्हा हा साठा परत भरलेलाच दिसला नाही. म्हणजे वेगाची टाकीसुद्धा शेवटी दमाच्या पंपावर अवलंबून असते.

हे कळल्यावर मी भाच्याला विचारलं, "तू शंभरचा सराव कसा करतोस?"

"दहा वेळा पळतो, मामा. चालत परत येतो आणि लगेच सुटतो. चाळीसेक सेकंद होत असतील."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्टॉपवॉच घेऊन मैदानावर गेलो. त्याची पहिली धाव 13.8 सेकंदांची झाली, चौथी 14.9 आणि आठवी 16.3. पोरगा कष्टात कमी नव्हता, घामाने निथळत होता. पण चौथ्या धावेपासून तो वेगाचा सराव करतच नव्हता. टाकी अर्धवट भरलेली असताना पळायचं म्हणजे भार ग्लायकोलिसिसवर जातो, स्नायूतली आम्लता वाढते आणि पाय जड होतात. शरीर ज्याचा सराव करेल तेच शिकतं, यालाच पुस्तकात विशिष्टतेचं तत्त्व म्हणतात. भाचा रोज दहापैकी सहा-सात वेळा सावकाश पळायला शिकत होता.

इथे आम्ही तक्ता पूर्ण केला. तो असा:

| प्रणाली | सर्वाधिक भर कधी | परत भरायला वेळ | भरतीतलं उदाहरण | सराव |
|---|---|---|---|---|
| क्रिएटिन फॉस्फेट | पहिली 8-10 सेकंदं | 3 ते 5 मिनिटं | गोळाफेक, 100 मीटरची सुरुवात | 60 मीटर 5 वेळा, मध्ये 5-6 मिनिटं |
| ग्लायकोलिसिस | साधारण मिनिटभराचा जोर | अर्धा ते एक तास | 100 मीटरचा उत्तरार्ध, 1600 चा शेवटचा फेरा | 400 मीटर 4 वेळा, मध्ये 3-4 मिनिटं |
| ऑक्सिजन | सव्वा मिनिटानंतर वाढत जाणारा | लांब पल्ल्यानंतर जेवण आणि एक दिवस | 1600 मीटर | 800 मीटर 3 ते 5 वेळा. संथ 5-6 किलोमीटर |

मधल्या ओळीबद्दल एक खुलासा करायला हवा. तिथे पूर्ण भरायला अर्धा-एक तास लागतो असं लिहून सरावात विश्रांती मात्र तीन-चार मिनिटंच दिली आहे. ती चूक नाही. वेगाच्या सरावात टाकी पूर्ण भरू द्यायची, कारण कमाल वेग हवा. या सरावात मुद्दाम अर्धवट भरू द्यायची, कारण आम्लता वाढलेली असतानाही चाल टिकवायची सवय लावायची असते. तीन मिनिटं की सहा मिनिटं, एवढ्या एका आकड्याने व्यायामाची जात बदलते.

याच ओळीतली आणखी एक जुनी समजूत भाचीच्या टिपणातही होती: दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे. लॅक्टेट तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येतं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्याची परत साखर करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं ठणकणं स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं असतं. तिने ते वाक्य खोडलं, पण परीक्षक जुन्या वळणाचे असले तर काय, अशी चिंताही बोलून दाखवली.

मग भाच्याचा आठवडा बसवला. शंभरसाठी एक दिवस 60 मीटरच्या पाच धावा. त्याची 60 ची वेळ 8.4 सेकंद होती. नियम एकच ठेवला: वेळ 8.7 च्या वर गेली की त्या दिवशीचा वेग संपला, घरी जायचं. हाताने दाबलेल्या घड्याळात एक-दोन दशांशांची चूक होतेच, म्हणून याहून बारीक फरकाला भुलायचं नाही. गोळ्यासाठी वेगळा दिवस. तिथे मी तक्त्याची मर्यादाही सांगितली. फेक दोन सेकंदांच्या आत संपते, तिथे इंधन कमी पडतच नाही. कमी पडतात ती ताकद आणि पायांची फिरकी. ऊर्जेचा तक्ता गोळा लांब टाकून देत नाही.

1600 मीटरची त्याची वेळ 6 मिनिटं 5 सेकंद होती, म्हणजे 400 चा फेरा सरासरी 91 सेकंदांत. त्यासाठी आठवड्यातून एकदा 800 मीटरच्या तीन धावा, प्रत्येकी 3 मिनिटं 15 सेकंदांत आणि मध्ये अडीच मिनिटं हलकं धावणं. दोन आठवड्यांनी तीनच्या चार, मग पाच. वेग तोवर वाढवायचा नाही. अधिभार म्हणजे सवयीपेक्षा थोडं जास्त, पण पल्ला, वेग आणि कमी विश्रांती ही तिन्ही ओझी एकदम चढवली की नडगी दुखायला लागते, हे मी पुष्कळ मुलांमध्ये पाहिलं आहे. पहिली 800 तीन-पाचला आणि शेवटची तीन-पंचवीसला झाली तर समजावं, सुरुवात उतावीळपणे केली.

सर्वांत अवघड गेलं ते संथ पळणं. आधी तो रोज पाच किलोमीटर एकाच मध्यम-जोराच्या चालीने पळायचा. ती चाल दम सावकाश वाढवण्यासाठी फार तेज होती आणि वेगासाठी फार मंद. आता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच चालीने पळायचं, असं ठरवलं. पहिल्या आठवड्यात बायाबापड्यासुद्धा चालत पुढे जातात म्हणून तो चिडला होता.

दहा आठवड्यांनी 1600 ला 5 मिनिटं 44 सेकंद लागली. शंभर 13.4 वरून 13.1 वर आली. 1600 मध्ये फरक मोठा आणि शंभरमध्ये छोटा, हे अपेक्षितच होतं. पेशींतली ऑक्सिजन वापरणारी केंद्रं आणि स्नायूंतल्या केशवाहिन्या काही आठवड्यांच्या सरावाने वाढतात. कमाल वेग बराचसा जन्मजात ठेवणीवर असतो आणि तो दशांशांनीच हलतो. पूर्ण गुणांसाठी 1600 ला 5 मिनिटं 10 सेकंद लागतात, त्यामुळे वाट अजून शिल्लक आहे.

चाचणीची तारीख लागली की शेवटच्या दोन आठवड्यांत काय करायचं, हे तक्त्याखाली भाचीने तिच्या हाताने लिहिलं: धावांची संख्या निम्मी, वेग तोच. सराव पूर्ण बंद केला तर दम दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागतो, ताकद त्याहून जास्त टिकते. म्हणून घरी बसायचं नाही.

तक्त्याची एक प्रत भाच्याच्या सायकलच्या हँडलला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली असते. दोन 60 मीटरच्या मधली सहा मिनिटं तो मैदानाकडेच्या कट्ट्यावर बसून घालवतो. बाकीची पोरं हसतात. मागच्या आठवड्यात त्यातला एक जण येऊन शेजारी बसला आणि त्याने स्वतःचं घड्याळ चालू केलं.