एक स्टार आणि त्याखालचं उत्तर

फराळाच्या एका छोट्या दुकानाचं उदाहरण घेऊ. दिवाळी तोंडावर आली आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरतो आहे. गूगलवर दुकानाला एकच स्टार आणि खाली मजकूर: ‘चकली मऊ, तेलाला खवट वास. सांगायला गेलो तर उलट उत्तर. निव्वळ लुटारू!’

मालकाचा हात लगेच ग्रुपवर उत्तर द्यायला शिवशिवतो. पण आधी मूळ रिव्ह्यू उघडून पाहावा. स्क्रीनशॉटमध्ये अनेकदा तारीख कापलेली असते, कधी तो त्याच नावाच्या दुसऱ्याच दुकानाचा निघतो, तर कधी लिहिणाऱ्याने मजकूर नंतर बदललेला असतो. रिव्ह्यू आपलाच असेल, तर उत्तर त्याच्याच खाली द्यावं. गूगलवर प्रोफाइल व्हेरिफाय केलेलं असलं की तशी सोय मिळते.

लिहिण्याआधी कारखान्यात आणि काउंटरवर चौकशी करायची. इथे कळलं ते असं: गर्दीत चकल्या पुरत्या निवायच्या आत पिशव्या बांधल्या गेल्या. वाफ आत कोंडली की चकली मऊ पडते. तेल मात्र त्याच दिवशीचं होतं. मग उत्तर असं होतं:

‘नमस्कार. चकली मऊ निघाली आणि काउंटरवर आपल्याशी नीट बोललं गेलं नाही, याबद्दल दिलगीर आहोत. त्या दिवशी चकली निवण्याआधीच पाकिटं बांधली गेली, ही आमची चूक. आता पूर्ण निवल्यावरच बांधतो. तेल त्या दिवशी ताजं होतं, तरी खवट वास का आला हे पाहायचं आहे. उरलेलं पाकीट घेऊन या, पैसे परत देऊ. सकाळी मी स्वतः दुकानात असतो.’

यात ‘लुटारू’ला उत्तर नाही, कारण त्यावर वाद घातला की चकली बाजूला राहते. जे तपासून खरं ठरलं तेवढंच कबूल केलं आहे. तेलाचा आरोप मान्यही केला नाही आणि उडवूनही लावला नाही. गिऱ्हाईकाचा फोन नंबर, बिल किंवा जुनी उधारी चव्हाट्यावर आणलेली नाही. ‘स्टार वाढवा, मग पैसे देतो’ असा सौदाही नाही. गूगलच्या नियमांत तो बसत नाही.

बिलांत असा व्यवहारच सापडला नाही तर? ‘खोटारडे’ म्हणू नये. ‘आमच्या नोंदीत ही खरेदी सापडत नाही, कृपया बिल घेऊन भेटा’ एवढं पुरतं. शिवीगाळ किंवा बनावट मजकूर असेल तर गूगलकडे तक्रार करता येते, पण नुसता कडवट रिव्ह्यू त्यामुळे हटत नाही.

उत्तर दिसू लागलं की रिव्ह्यू आणि उत्तर एकत्र दिसेल असा नवा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा. तक्रार करणारा परत येईलच असं नाही. पण चकली घ्यावी की नाही या विचारात असलेला शेजारी दोन्ही बाजू वाचतो, आणि पैसे परत मिळतात हे त्याला कळतं.