व्हिएन्नाची फाइल आणि मार्चअखेर

पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचा गोषवारा परदेशातल्या परिषदेत स्वीकारला गेला, की अभिनंदनाचे फोन येतात. दुसऱ्या दिवशी तो विभागाच्या कार्यालयात जाऊन प्रवास अनुदानाचा अर्ज मागतो. तिथून पुढे तो अर्ज बहुतेक वेळा त्याच्या विषयातला माणूस वाचत नाही. मार्गदर्शकांची सही झाली की कागद विभागप्रमुखांकडे जातात, तिथून नस्ती तयार होऊन वित्त व लेखा विभागात जाते. तिथल्या माणसाला संशोधन किती मोलाचं आहे हे ठरवायचं नसतं. हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतो, प्रत्येक आकड्यामागे कागद आहे का आणि हेच पैसे दुसरीकडूनही मिळणार नाहीत ना, एवढंच तो पाहतो. अर्ज या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणून लिहिला तर मार्गी लागतो. ‘संशोधनाला जागतिक व्यासपीठ मिळेल’ या चालीवर लिहिला तर बहुधा शेरा मारून परत येतो.

एक कल्पित उदाहरण धरू. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात भूशास्त्राची एक विद्यार्थिनी दख्खनच्या बेसाल्ट खडकातल्या भूजलावर काम करते. युरोपीय भूशास्त्र संघाच्या वार्षिक सभेसाठी तिने गोषवारा पाठवला. ही सभा दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास व्हिएन्नात भरते, सोमवार ते शुक्रवार चालते. गोषवारे जानेवारीच्या मध्यापर्यंत घेतले जातात आणि निवड साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कळते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यासाठी नेमकी अडचण इथे आहे. स्वीकृती येते ती मार्चअखेर तोंडावर असताना आणि प्रवास होतो तो ३१ मार्च उलटून गेल्यावर. नोंदणी शुल्क एका आर्थिक वर्षात भरायचं, विमानाचं भाडं दुसऱ्या वर्षात खर्ची पडायचं. जुन्या वर्षाच्या तरतुदीतून मंजूर झालेली आणि न वापरलेली रक्कम सहसा ३१ मार्चला व्यपगत होते. म्हणून अर्जातच लिहावं लागतं की अमुक खर्च चालू वर्षात होईल आणि अमुक खर्च १ एप्रिलनंतर होईल. हे वाक्य नसेल तर मंजुरी हातात असूनही देयक अडकतं.

आता स्वीकृतीचा पुरावा. परिषदेकडून येणारे कागद तीन-चार प्रकारचे असतात आणि नवखे विद्यार्थी त्यांची गल्लत करतात. गोषवारा मिळाल्याची पोच म्हणजे स्वीकृती नव्हे. नोंदणी शुल्काची पावतीही स्वीकृती नव्हे, कारण श्रोता म्हणून नोंदणी कुणीही करू शकतो. व्हिसासाठी आयोजक जे निमंत्रणपत्र देतात, ते वकिलातीसाठी असतं. अनुदानाला लागतो तो आयोजकांनी परीक्षणानंतर पाठवलेला कागद. त्यावर शोधनिबंधाचं शीर्षक, सादरीकरण तोंडी आहे की भित्तिपत्रकाचं, सत्राचं नाव आणि तारीख हवी. व्हिएन्नाच्या सभेत सत्राचं वेळापत्रक ठरल्यावर तसं स्वतंत्र पत्र येतं, तेच जोडणं उत्तम.

एक खोच नेहमी राहून जाते. पत्र बऱ्याचदा ज्यांच्या ईमेलवरून गोषवारा गेला त्यांच्या नावे, म्हणजे मार्गदर्शकांच्या नावे येतं. प्रवास मात्र विद्यार्थिनी करणार असते. लेखा विभाग विचारतो, ‘या पत्रात तुमचं नाव कुठे आहे?’ प्रश्न रास्त आहे. सादरकर्ती कोण हे स्पष्ट करणारं पत्र आयोजकांकडून मागून घ्यावं. ते वेळेत आलं नाही तर ‘हा निबंध हीच विद्यार्थिनी सादर करणार असून इतर सहलेखक यासाठी प्रवास अनुदान मागणार नाहीत’ असं मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र जोडावं. नावाचं स्पेलिंगही पारपत्रातल्यासारखंच असावं. गोषवाऱ्यात फक्त आद्याक्षरं आणि पारपत्रात वडिलांचं पूर्ण नाव, असा फरक पुढे व्हिसापर्यंत त्रास देतो.

हा पुरावा इतका निरखून पाहण्याला कारण आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी निरर्थक शोधनिबंध रचणारी एक संगणक प्रणाली तयार केली. तिने जुळवलेला एक निबंध त्यांनी ऑर्लँडोत भरणाऱ्या एका परिषदेला पाठवला आणि तो स्वीकारला गेला, तोही परीक्षणाशिवाय. त्या विद्यार्थ्यांनी प्रवासासाठी लोकांकडून देणग्याही गोळा केल्या. प्रकरण उघड झाल्यावर आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं, तरी पोरं गेली आणि त्याच हॉटेलात स्वतःचं सत्र भरवून आली. गंमत सोडली तर मुद्दा असा की स्वीकृतीपत्र छापणं सोपं असतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. आपल्या नियतकालिकांविषयी आणि परिषदांविषयी तिने संशोधकांची दिशाभूल केली होती.

संशयास्पद परिषद ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. गोषवारा पाठवल्यावर एक-दोन दिवसांत होकार येतो. परीक्षकांचा एकही अभिप्राय नसतो. एकाच हॉटेलात, एकाच तारखेला, शेतीपासून हृदयविकारापर्यंत सगळ्या विषयांच्या परिषदा भरलेल्या असतात. म्हणून अर्जात दोन ओळी परिषदेवरही खर्चाव्यात. ती कोणती विद्वत्सभा भरवते, किती वर्षं भरते आहे आणि गोषवारे कोण तपासतं, एवढं पुरतं.

अंदाजपत्रक हा अर्जाचा कणा. खर्चाची यादी तर सगळेच देतात, पण कोणता खर्च कोण उचलणार हे थोडेच लिहितात. आपल्या विद्यार्थिनीचा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत आणि सोपं जावं म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत. विमानाचं येण्याजाण्याचं भाडं ६५,००० रुपये. नोंदणी शुल्क २५,०००. शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो, म्हणजे ९,०००, आणि अर्ज केंद्राचा आकार धरून ११,०००. प्रवास विमा २,०००. सहा रात्रींचा मुक्काम, रात्रीला ५० युरोप्रमाणे, ३०,०००. जेवणखाण १२,०००. व्हिएन्नातला आठवड्याचा पास २,००० आणि पुणे-मुंबई जाणं-येणं २,०००. एकूण १,४९,०००.

विभागाची कमाल मर्यादा ५०,००० आहे असं समजू. तिने सरळ ‘१,४९,००० रुपये मिळावेत’ असं लिहिलं, तर मर्यादेबाहेरची मागणी म्हणून अर्ज बाजूला पडतो. ‘५०,००० रुपये मिळावेत’ असं लिहिलं, तर उरलेले ९९,००० कुठून येणार हा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर कागदावर नसेल तर विद्यार्थिनी शेवटी जाईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तिने भाडं, नोंदणी आणि व्हिसा मिळून १,०१,००० रुपयांसाठी केंद्र सरकारच्या संस्थेकडे वेगळा अर्ज केला आहे. तेव्हा विभागाकडे ती मागते मुक्काम, विमा आणि स्थानिक प्रवास, म्हणजे ३६,०००. जेवणखाणाचे १२,००० ती स्वतः घालणार. बेरीज जुळते आणि कोणताही खर्च दोनदा मागितला जात नाही.

अर्जाची भाषाही तशीच कोरडी ठेवावी. ‘प्रति, मा. विभागप्रमुख’ आणि ‘मार्फत: मार्गदर्शक’ यांच्याखाली विषय एका ओळीत. संदर्भात स्वीकृतीपत्राची तारीख. मग मजकूर असा: ‘उपरोक्त सभेत दिनांक अमुक रोजी माझे भित्तिपत्रक सादर होणार आहे. एकूण अंदाजित खर्च रु. १,४९,००० असून त्यापैकी भाडे, नोंदणी व व्हिसा यांसाठी अन्य संस्थेकडे अर्ज केला आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. मुक्काम, विमा व स्थानिक प्रवास यांसाठी रु. ३६,००० मंजूर व्हावेत ही विनंती. अन्य संस्थेचा अर्ज नामंजूर झाल्यास तसे त्वरित कळवीन व सुधारित अंदाजपत्रक सादर करीन.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. संस्थेचा निर्णय यायचा असतानाच विभागाला आपला निर्णय घेणं त्यामुळे शक्य होतं.

प्रत्येक रकमेमागचा कागद त्याच क्रमाने लावावा. भाड्यासाठी इकॉनॉमी वर्गाचं आणि जवळच्या मार्गाचं, तारीख दिसेल असं दरपत्रक. नोंदणीसाठी परिषदेच्या संकेतस्थळावरचं विद्यार्थी दराचं पान. युरोचा दर कोणत्या दिवशीचा धरला, तेही लिहावं. तिकीट मात्र मंजुरीआधी काढू नये. केंद्र सरकारच्या खर्चाने होणाऱ्या विमानप्रवासाची तिकिटं बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच अधिकृत एजंटांकडून घ्यावीत, असा वित्त मंत्रालयाचा २०२२ चा आदेश आहे. निधी केंद्राचा असेल तर ही अट आपल्याला लागू आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावं. स्वस्त दिसलं म्हणून दुसरीकडून काढलेल्या तिकिटाची प्रतिपूर्ती नाकारली गेली, तर तक्रारीला जागा उरत नाही.

वेळेचं गणित व्हिसावरून उलटं मांडावं लागतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५ सुद्धा. या अर्जाला किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा लागतो, आणि खर्च कोण करणार याचा पुरावाही लागतो. तो पुरावा म्हणजेच विभागाचं मंजुरीपत्र. एप्रिलच्या शेवटी निघायचं असेल तर व्हिसाचे कागद मार्चच्या मध्याला जायला हवेत आणि मंजुरी त्याआधी हवी. स्वीकृती यायची वाट पाहत बसलं तर हे जमत नाही. म्हणून जाणती मुलं गोषवारा पाठवल्याबरोबर, जानेवारीतच, ‘स्वीकृतीच्या अधीन राहून’ असं लिहून अर्ज आवक करून ठेवतात आणि पत्र आलं की ते नस्तीला जोडतात.

परत आल्यावर बोर्डिंग पास, तिकीट, मूळ पावत्या, उपस्थितीचं प्रमाणपत्र आणि छोटा अहवाल द्यावा लागतो. उचल घेतली असेल तर तिचं समायोजन होतं आणि उरलेली रक्कम परत भरावी लागते.

जाणंच झालं नाही तर काय, हेही आधी विचारून ठेवण्यासारखं आहे. व्हिसा नाकारला गेला तरी त्याचं शुल्क परत मिळत नाही. नोंदणी रद्द केली की काही रक्कम कापली जाते, तिकिटाचंही तसंच. हा तोटा विभाग सोसणार की विद्यार्थी, याबद्दल बऱ्याच नियमावल्या गप्प असतात. व्हिएन्नाच्या सभेत ऑनलाइन सादरीकरणाचीही सोय असते, म्हणून ‘प्रवास न झाल्यास ऑनलाइन सादरीकरण करीन व त्यापुरतेच नोंदणी शुल्क ग्राह्य धरावे’ अशी एक ओळ अर्जात घालता येते. त्या ओळीला मान्यता मिळाली, तर व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं तरी नोंदणीचे पैसे विद्यार्थिनीच्या खिशातून जात नाहीत.