कोंडलेली उष्णता

एक मीटर लांबीची तांब्याची कांडी घ्या. डावी अर्धी १०० अंशांवर, उजवी शून्यावर. दोन्ही टोकांसह सगळीकडून उष्णतारोधक वेष्टन. उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून टोकांशी तापमानाचा आलेख आडवा, उताराविना असला पाहिजे. साइनच्या लाटेला हे जमत नाही. कोसाइनची लाट मात्र टोकांना आपसूक सपाट होते. म्हणून सुरुवातीचे तापमान कोसाइनच्या लाटांच्या बेरजेत मांडायचे. जोसेफ फूरिएने १८२२च्या ग्रंथात मांडलेली ही रीत.

आपल्या कांडीसाठी बेरजेतले पहिले पद ५०, म्हणजे निव्वळ सरासरी. पुढे ६४ अंश उंचीची अर्धी लाट, मग तिच्या एकतृतीयांश उंचीची, तिप्पट दाट लाट, आणि अशाच आणखी बारीक लाटा. दाट लाट लवकर विरते: तिप्पट दाट असेल तर नऊपट वेगाने. तांब्यात मुख्य लाट साधारण पंधरा मिनिटांत सुमारे एकतृतीयांशावर येते. तासाभराने टोके ५१ आणि ४९ अंशांच्या आसपास.

५०चे पद मात्र तसूभर हलत नाही, कारण एकूण उष्णता तेवढीच राहते. प्रयोगात ते घसरू लागले, तर वेष्टन गळते आहे असे समजावे. अर्धी कांडी लोखंडाची असेल, तर साधी सरासरी चालणार नाही; दोन्ही भागांची उष्णताधारकता धरावी लागेल.