तिकिटावरून गळलेले वडिलांचे नाव

वऱ्हाडात शाळेच्या दाखल्यापासून सात-बाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव असा तिहेरी उल्लेख रूढ असल्यामुळे पारपत्रातही तो तसाच उतरतो. परंतु विमानाचे तिकीट काढताना मधले नाव अनावश्यक समजून गाळले जाते, आणि दर्यापूरहून नागपूर गाठून दोहा वा शारजाकडे निघालेल्या प्रवाशाचा खोळंबा होतो.

गैरसमज: मधले नाव हे केवळ पूरक आहे.

वस्तुस्थिती: भारतीय पारपत्रात मधल्या नावाचा स्वतंत्र रकानाच नाही, एक रकाना आडनावाचा आणि दुसरा `Given Name(s)` चा. समजा, एखाद्या बाईंचे नाव सुनीता गजानन देशमुख आहे; तर दुसऱ्या रकान्यात ‘सुनीता गजानन’ असे एकत्र लिहिलेले असते आणि पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचावयाच्या ओळीत ते पुढीलप्रमाणे येते:

```
P<INDDESHMUKH<<SUNITA<GAJANAN<<<<<<<<<<<<<<<
```

तिकिटावर मात्र `DESHMUKH/SUNITA MRS` एवढेच असेल, तर यंत्राच्या दृष्टीने व्यक्तिनामाचा अर्धा भागच गहाळ ठरतो.

गैरसमज: पारपत्राचा क्रमांक जुळला की खिडकीवरचा कारकून समजून घेईल.

वस्तुस्थिती: अनेक देशांना विमान कंपनी प्रवाशांची माहिती आगाऊ पाठवते, आणि तेथील दप्तरात ती निषिद्ध व्यक्तींच्या याद्यांशी ताडून पाहिली जाते. देशमुखांची विपुल संख्या असलेल्या प्रांतात एका सुनीता देशमुखला दुसरीपासून वेगळी ओळखण्याचे काम बहुधा ‘गजानन’ हेच नाव करते. शिवाय योग्य कागदपत्रांविना प्रवासी नेल्यास अनेक देश कंपनीलाच दंड करतात. म्हणून तिचा कर्मचारी सावधगिरीने वागतो, त्यात निव्वळ अडवणूक नसते.

गैरसमज: नावात किंचित फरक दिसला की प्रवास हमखास नाकारला जातो.

वस्तुस्थिती: तसे नाही. कंपनी आणि गंतव्य देश यांनुसार नियम भिन्न असतात. पहिले नाव व आडनाव जुळल्यास काही कंपन्या हरकत घेत नाहीत. बोर्डिंग पासवर `SUNITAGAJANAN` असे जोडून छापलेले दिसले, तर ती छपाईची पद्धत असते, चूक नव्हे.

गैरसमज: विमानतळावर ऐनवेळी दुरुस्ती होतेच.

वस्तुस्थिती: दुरुस्ती साधारणतः तिकीट देणाऱ्याकडूनच करवून घ्यावी लागते; दलालामार्फत काढलेल्या तिकिटासाठी त्याच्याकडेच जावे लागते, आणि प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील तर तिकीट नव्याने काढावे लागण्याचाही संभव असतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटावरील त्याच व्यक्तीच्या नावातील चूक 24 तासांच्या आत कळविल्यास दुरुस्तीचे शुल्क आकारू नये, असा भारतातील विमान वाहतूक महासंचालनालयाचा दंडक आहे. म्हणून तिकीट हाती पडताच ते पारपत्रासमोर धरून नाव अक्षरशः ताडून पाहावे; आणि आरक्षणाच्या फॉर्ममध्ये मधल्या नावाचा रकाना नसेल, तर पहिल्या नावाच्याच रकान्यात मध्ये जागा सोडून ‘सुनीता गजानन’ अशी दोन्ही नावे भरावीत.